तहकूब झालेल्या एजीएमचं इतिवृत्त कसं लिहायचं, कुठले विषय पुढे जातात आणि नोटीस किती दिवसांची लागते

प्रश्न: नमस्कार, मी घोडबंदर रोडच्या आमच्या ९६ फ्लॅटच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, पहिलंच वर्ष. आमची एजीएम २४ ऑगस्टला रविवारी सकाळी १० ला होती. कोरम नव्हता म्हणून साडेदहाला सुरू केली, टँकरच्या बिलांवरून खूप वाद झाला, दीडला क्लबहाऊस गणपतीच्या डेकोरेशनवाल्यांना द्यायचं होतं म्हणून सभा थांबवली आणि १४ सप्टेंबर ठरली. ९ पैकी १, २, ४, ५ झाले, ३ अर्धवट, बाकी राहिले. आता मिनिट्स एकच लिहायचे की दोन? परत १४ दिवसांची नोटीस द्यायची का? शेजारचे काका कंपनीत सेक्रेटेरियलला होते, ते म्हणतात ३ दिवसांची नोटीस पुरते. कमिटीला गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय पण आता घालायचाय, आणि एक मेंबर त्या दिवशी नव्हते ते म्हणतात ऑडिटरचा विषय परत घ्या. काय करू?

उत्तर:

ताई, आधी थोडक्यात सांगतो आणि मग एकेक उलगडतो. सभा एकच आहे, तिच्या बैठका दोन झाल्या, त्यामुळे इतिवृत्त एकच पण दोन भागांत. १४ दिवसांची नोटीस परत लागत नाही कारण तारीख सभेतच ठरली आणि ती ३० दिवसांच्या आत आहे, पण सगळ्या मेंबरांना लेखी कळवायचंच. ३, ६, ७, ८ आणि ९ हे विषय पुढे जातात, तेही त्याच नंबरांनी. वॉटरप्रूफिंग यात घुसवता येणार नाही, ऑडिटरचा विषय उघडता येणार नाही.

आता काकांचं. काका चुकीचं बोलत नाहीयेत, ते दुसऱ्या कायद्याचं बोलतायत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १०३ मध्ये कोरमअभावी सभा तहकूब झाली की ती पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी जाते, आणि दिवस-वेळ-जागा बदलली तर किमान ३ दिवसांची नोटीस किंवा पेपरात जाहिरात द्यावी लागते. आपली गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली, तिला तिचे मंजूर उपविधी लागू, आणि उपविधीत हे सगळं वेगळं लिहिलंय. कपाटातून तुमच्या सोसायटीने स्वीकारलेली उपविधीची प्रत काढा आणि "सर्वसाधारण सभा" हे प्रकरण उघडून बसा, मी खाली जे सांगतोय ते आदर्श उपविधीप्रमाणे सांगतोय आणि कलमांचे नंबर मुद्दाम देत नाही, कारण जुनी प्रत धरलेल्या सोसायट्यांत ते मागेपुढे असतात.

उपविधीत सभा पुढे जाण्याची दोन वेगळी कलमं आहेत आणि तुमच्याकडे एकाच रविवारी ती दोन्ही लागलीत, सगळा गोंधळ तिथूनच आलाय.

पहिलं कोरमचं. एकूण मेंबरांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातलं जे कमी ते. ९६ चे दोन तृतीयांश ६४, म्हणजे तुमच्यासाठी कोरम २०. ठरलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि ती एकतर त्याच दिवशी नोटिशीत आधीच लिहिलेल्या उशिराच्या वेळेला भरते, किंवा मग ७ दिवसांच्या आधी नाही आणि ३० दिवसांच्या नंतर नाही अशा तारखेला. अशा तहकूब सभेत मग कोरम असो-नसो, काम चालवता येतं. यातला कळीचा भाग आहे "नोटिशीत आधीच लिहिलेल्या". तुमची मूळ नोटीस आत्ता बघा. त्यात "कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच दिवशी त्याच ठिकाणी सकाळी १०.३० वाजता घेण्यात येईल व त्या सभेस कोरमची आवश्यकता राहणार नाही" अशा अर्थाचं वाक्य आहे का? असेल तर साडेदहाची सभा पक्की. नसेल तर साडेदहाला किती जण होते यावर सगळं येतं. तेव्हा २० किंवा जास्त असतील तर प्रश्नच नाही, कारण अर्ध्या तासात कोरम पुरा झाला. पण वाक्यही नाही आणि माणसंही १८, तर त्या दिवशी झालेले चारही विषय कच्चे राहतात, आणि मग माझा सल्ला वेगळा: १४ सप्टेंबरला विषय १ पासून सगळी पत्रिका परत घ्या. तसं करायचं असेल तर खाली सांगितलेल्या पत्रात "विषय १ ते ९" असंच लिहा आणि कारणही लिहा, लपवू नका. ते केलंत की १४ तारीख ही कोरमअभावी तहकूब झालेली सभाच होते, २४ ऑगस्टपासून २१ दिवसांवर, म्हणजे ७ आणि ३० च्या मधे बसते.

(मेंबरांच्या मागणीवरून बोलावलेल्या विशेष सभेला ही सवलत नाही, तिथे अर्ध्या तासात कोरम नाही तर सभा विसर्जित. आणि पुनर्विकासाच्या सभेला ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयातला दोन तृतीयांश कोरम लागतो, तिथे अर्ध्या तासाचा हिशोब लावूच नका. तुमचा विषय तो नाही, पण ठाण्यात सध्या दर दुसऱ्या सोसायटीत पुनर्विकास चाललाय म्हणून सांगून ठेवलं.)

दुसरं कलम काम अर्धवट राहण्याचं. पत्रिकेवरचे सगळे विषय त्या दिवशी पुरे झाले नाहीत तर हजर असलेले मेंबर ठरवतील त्या सोयीच्या तारखेला सभा पुढे ढकलता येते, पण मूळ सभेच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत. ठरवायचंय हजर मेंबरांनी, अध्यक्षांनी एकट्याने नाही. "हॉल रिकामा करा, बाकीचं नंतर बघू" असं म्हणून अध्यक्ष उठून गेले तर ती नीट तहकुबी झाली नाही. तुमच्याकडे तारीख ठरली म्हणताय, तर ती कोणी सुचवली, अनुमोदन कोणी दिलं, विरोध होता का, हे आठवतंय तोवर लिहून काढा. २४ ऑगस्टपासून ३० दिवस म्हणजे २३ सप्टेंबर. १४ तारीख आत बसते, आणि एजीएमची ३० सप्टेंबरची मुदतही सांभाळली जाते. मी तर सगळ्यांना हेच सांगतो की पहिली तारीखच अशी धरा की तहकुबीची तारीखसुद्धा ३० सप्टेंबरच्या आत पडेल, म्हणजे "एजीएम मुदतीत झाली की नाही" हा वाद उपनिबंधकांपुढे जाणारच नाही. २८ सप्टेंबरला एजीएम ठेवणाऱ्या सोसायट्यांची इथेच पंचाईत होते.

आता नोटीस. एजीएमला १४ पूर्ण दिवस लागतात, म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. २४ ऑगस्टच्या सभेसाठी नोटीस जास्तीत जास्त ९ ऑगस्टला हातात पडायला हवी होती, तेव्हा १० ते २३ असे १४ दिवस भरतात. हे मूळ नोटिशीचं झालं. ती बरोबर असेल तर तहकूब बैठकीसाठी परत १४ दिवस मोजायचे नाहीत, कारण नवीन सभा बोलावलीच नाहीये, तीच पुढे चाललीय. पण जे मेंबर त्या दिवशी आलेच नाहीत, त्यांना १४ तारीख कशी कळणार? म्हणून लेखी कळवायचं आणि मूळ नोटीस ज्या मार्गांनी दिली होती त्याच सगळ्या मार्गांनी कळवायचं. हातात देऊन सही घेतली होती तर आता पण सही घ्या, ईमेल केला होता तर ईमेल, बोर्डावर तर लावायचंच. नुसत्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून भागवू नका, ग्रुपमध्ये भाडेकरू असतात आणि मालक नसतात, आणि भांडण झालं की "मला मिळालंच नाही" हे पहिलं वाक्य असतं. किती दिवस आधी? उपविधीत आकडा नाही, माझ्या मते तारीख ठरल्यापासून दोन-तीन दिवसांत कागद निघायला हवा. तुमच्याकडे २७ ला गणपती बसतायत, त्यानंतर लोक गावाला जातात, तेव्हा २६ च्या आत बोर्डावर लागलं तर उत्तम.

त्या कागदाला "वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस" असं शीर्षक देऊ नका, नाहीतर ती नवीन सभा वाटते आणि मग १४ दिवसांचा प्रश्न खरंच उभा राहतो. मजकूर साधारण असा ठेवा:

"तहकूब वार्षिक सर्वसाधारण सभेबाबत सूचना. दि. ९/८/२०२५ च्या नोटिशीनुसार रविवार दि. २४/८/२०२५ रोजी झालेली वार्षिक सर्वसाधारण सभा वेळेअभावी सर्व विषय पूर्ण न झाल्याने उपस्थित सभासदांच्या निर्णयानुसार तहकूब करण्यात आली असून, तीच सभा रविवार दि. १४/९/२०२५ रोजी सकाळी १० वाजता संस्थेच्या क्लबहाऊसमध्ये पुढे चालू होईल. सभेत मूळ विषयपत्रिकेवरील विषय क्र. ३ (अपूर्ण), ६, ७, ८ व ९ एवढेच विषय घेतले जातील. विषय क्र. १, २, ४ व ५ पूर्ण झाले आहेत."

९/८ च्या जागी तुमच्या नोटिशीची खरी तारीख टाका. शेवटचं वाक्य बऱ्याच सोसायट्या गाळतात, पण ऑडिटरवाल्या मेंबरांसारखे प्रश्न त्या एका वाक्याने निम्मे कमी होतात. आणि तारीख सभेत ठरलीच नसेल, "तारीख नंतर कळवू" एवढंच झालं असेल, तर कमिटीने परस्पर तारीख टाकू नये, सरळ १४ पूर्ण दिवसांची नवी नोटीस काढून उरलेले विषय घ्यावेत. ३० दिवस उलटले तरी तेच.

विषय पुढे कसे जातात ते नीट बघा, कारण तुमचा विषय ३ अर्धवट आहे आणि अर्धवट विषयातच इतिवृत्त लिहिताना हात अडखळतो. ६, ७, ८ ला कोणी हातच लावला नाही, ते जसेच्या तसे पुढे. ३ वर दीड तास बोलणं झालं पण ठराव नाही. अशा विषयाची पहिल्या भागात नोंद हवीच, आणि ती चर्चेची हवी, निर्णयाची नाही. कोण काय ओरडलं ते लिहायचं नाही, पण प्रश्न काय उपस्थित झाला, कमिटीने काय कबूल केलं आणि विषय कुठल्या टप्प्यावर थांबला हे लिहायचं. म्हणजे असं:

"विषय क्र. ३: सन २०२४-२५ ची हिशोबपत्रके मंजूर करणे. खजिनदारांनी हिशोबपत्रके सभेपुढे ठेवली. पाण्याच्या टँकरवरील खर्चाची महिनावार बिले व टँकरच्या नोंदवहीशी त्यांचा मेळ दाखवावा अशी मागणी काही सभासदांनी केली. बिले व नोंदवही दि. ७/९/२०२५ पर्यंत संस्थेच्या कार्यालयात पाहण्यास ठेवण्याचे खजिनदारांनी मान्य केले. या विषयावर ठराव झाला नाही. विषय तहकूब सभेत पुढे घेण्याचे ठरले."

ही "ठराव झाला नाही" ओळ फार महत्त्वाची. ती नसली की महिनाभराने एक बाजू म्हणते हिशोब मंजूर झाले होते, दुसरी म्हणते नामंजूर झाले होते, आणि दोघंही खरंच तसं आठवतंय म्हणून सांगतात. घोडबंदरला टँकरचा खर्च हा दरवर्षीचा वाद आहे, तिथे ही ओळ सोन्याची आहे. आणि दुसऱ्या बैठकीत विषय ३ परत पहिल्यापासून वाचायचा नाही, "बिले पाहण्यास ठेवली होती, अमुक सभासदांनी पाहिली" इथून पुढे सुरू करायचा. एखादी दुरुस्ती सुचवून अनुमोदन झालं होतं आणि मतदान राहिलं होतं असं असेल तर ती दुरुस्ती पण तशीच पुढे येते, नव्याने सुचवावी लागत नाही.

नंबर बदलू नका हे मी दोनदा सांगेन. दुसऱ्या भागाची सुरुवात विषय ३ ने, मग ६. ठरावांचे नंबर मात्र सलग, म्हणजे पहिल्या दिवशी ठराव १ ते ४ झाले तर दुसऱ्या दिवशीचा पहिला ठराव ५. पण त्याची तारीख १४ सप्टेंबरच. सभा एक असली तरी ठराव ज्या दिवशी झाला त्या दिवसाचाच. कंपनी कायद्यात हे कलम ११६ मध्ये स्पष्ट लिहिलंय, सोसायटीतही तसंच धरणं रास्त. याने फरक कुठे पडतो? तुमचा विषय ८ मेंटेनन्स वाढीचा असेल तर १४ सप्टेंबरला झालेला ठराव धरून ऑगस्टच्या बिलात फरक लावला तर मेंबर बरोबर आक्षेप घेतील. वाढ कधीपासून लागू हे ठरावातच लिहून घ्या.

ऑडिटरच्या विषयाचं. विषय ५ वर २४ तारखेला ठराव झाला, संपला. तहकूब बैठक उरलेल्या कामासाठी आहे, झालेलं काम तपासायला नाही. ते मेंबर त्या दिवशी आले असते तर मत देता आलं असतं, आता १४ ला येऊन उरलेल्या विषयांवर त्यांना पूर्ण हक्काने बोलता आणि मत देता येईल, पहिल्या दिवशी नव्हते म्हणून त्यांना थांबवता येत नाही हेही लक्षात ठेवा. आदर्श उपविधीत असंही आहे की सर्वसाधारण सभेचा ठराव रद्द करायचा ठराव ६ महिने झाल्याशिवाय आणता येत नाही. त्यांना हे प्रेमाने सांगा, त्यांचं पत्र आलं असेल तर घ्या, पोच द्या, फाईलला लावा.

वॉटरप्रूफिंगचं. पावसात वरच्या मजल्यावरच्या लोकांचे हाल होतात हे मला समजतंय आणि कमिटीला घाई का हेही समजतंय, पण मूळ पत्रिकेवर नसलेला विषय तहकूब बैठकीत घेता येत नाही. "विषय ९, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" हा पुढे आलाय म्हणून त्यात टाकू असं कोणीतरी नक्की सुचवेल. नको. ऐनवेळच्या विषयात चर्चा होऊ शकते, सूचना येऊ शकतात, पण लाखोंचा खर्च आणि वर्गणी ज्यातून निघणार तो विषय सगळ्यांना आधी माहीत असायला हवा, आणि उपविधी दुरुस्ती किंवा सभासद काढून टाकण्यासारखे विषय तर नोटिशीशिवाय मुळीच घेता येत नाहीत. नेरूळच्या एका सोसायटीत असाच लिफ्ट बदलायचा विषय तहकूब बैठकीत ऐनवेळी मंजूर करून घेतला होता, हजर १६ जण, आणि पहिलं वर्गणीचं बिल निघाल्यावर ज्यांना माहितीच नव्हतं त्यांनी भरायला नकार दिला. काम योग्य होतं, लिफ्ट खरोखरच बदलायला झाली होती, पण ठराव परत नव्याने विशेष सभा घेऊन करावा लागला आणि मधे काही महिने गेले.

तुमच्यासाठी सरळ रस्ता आहे. विशेष सर्वसाधारण सभेला ५ पूर्ण दिवसांची नोटीस लागते. कमिटीची मीटिंग घ्या, त्यात विशेष सभा बोलावण्याचा ठराव करा, आणि १४ सप्टेंबरलाच तहकूब सभा झाल्यावर, समजा दुपारी साडेबाराला, "गच्चीचे वॉटरप्रूफिंग, कोटेशन व वर्गणी" एवढ्या एकाच विषयाची विशेष सभा ठेवा. ५ पूर्ण दिवस म्हणजे ८ सप्टेंबरपर्यंत नोटीस हातात पडली तरी चालतं, पण कोटेशनं सोबत जोडून ती १ तारखेच्या आसपासच द्या, लोकांना बघायला वेळ मिळेल. या सभेची नोटीस वेगळी, हजेरी वेगळी, इतिवृत्त वेगळं. एकच कागद फिरवून दोन्ही सभांच्या सह्या घेऊ नका, अध्यक्षांनी पहिली सभा "समाप्त" म्हणून जाहीर करायची, वेळ लिहायची आणि मग दुसरी सुरू करायची.

हजेरीवरून आठवलं. २४ तारखेचा हजेरीचा कागद बंद करा, शेवटच्या सहीखाली रेघ मारून अध्यक्षांची सही घ्या. १४ ला नवीन पान, वर "तहकूब सभा, दि. १४/९/२०२५" लिहून. दोन्ही दिवसांची हजेरी एकत्र करून "एकूण उपस्थिती ५८" असं लिहिलेलं मी अनेक इतिवृत्तांत बघितलंय आणि त्या आकड्याला काहीच अर्थ नसतो, कारण दोन्ही दिवस आलेले दोनदा मोजलेले असतात आणि मतदान कुठल्या संख्येवर झालं ते कळत नाही. तपासणारा माणूस आधी हेच बघतो: सभा १० ला सुरू लिहिलंय का साडेदहाला, त्या वेळी सह्या किती, आणि मतांची बेरीज त्या सह्यांपेक्षा जास्त तर नाही ना. हजर ४१ आणि बाजूने ३३, विरोधात १२ असं एका ठिकाणी निघालं होतं, चार फ्लॅटच्या नवरा-बायको दोघांनीही हात वर केले होते. एका फ्लॅटला एक मत, हात मोजताना कोणीतरी फ्लॅट नंबर टिपत बसलं पाहिजे.

१४ तारखेला कोरम लागतो का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण विचारायला हवा होता. कोरम माफ आहे तो कोरमअभावी तहकूब झालेल्या सभेला. काम अर्धवट राहिल्यामुळे पुढे ढकललेल्या सभेच्या कलमात तशी माफी मला दिसत नाही. तुमची सभा साडेदहापासूनच तहकूब सभा म्हणून चालली होती, म्हणून ती माफी पुढेही चालते असा युक्तिवाद करता येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही, पण मेंटेनन्स वाढीचा विषय समोर असताना मी त्या युक्तिवादावर विसंबणार नाही. २० जण जमवा. प्रत्येक विंगच्या दोन जणांनी आदल्या संध्याकाळी दारं वाजवली तर २० सहज येतात. आणि विषय ८ ला हात घालताना परत मोजून "या वेळी उपस्थित सभासद २७" अशी ओळ इतिवृत्तात घाला.

आता कागदावर कसं दिसेल ते. सगळ्यात वर एकच शीर्षक, वार्षिक सर्वसाधारण सभा, दि. २४/८/२०२५ व तहकूब सभा दि. १४/९/२०२५. मग भाग १. त्याची सुरुवात अशी:

"सकाळी १० वाजता उपस्थित सभासद १३. कोरम (२०) नसल्याने अर्धा तास वाट पाहून अध्यक्षांनी सभा तहकूब केली. नोटिशीत नमूद केल्याप्रमाणे तीच सभा सकाळी १०.३० वाजता सुरू झाली, त्या वेळी उपस्थित १८."

आकडे तुमचे खरे टाका. सभा १०.३० लाच बोलावली होती असं दाखवण्याचा मोह होतो, काहीजण तसंच लिहितात, पण मग मूळ नोटीस आणि इतिवृत्त यांच्या वेळा जुळत नाहीत आणि उगाच शंका येते. पुढे विषय १, २, ३ (वर दिलाय तसा), ४, ५. आणि भाग १ चा शेवट:

"दुपारी १.३० वाजता वेळेअभावी उर्वरित विषय घेणे शक्य नसल्याने सभा तहकूब करून रविवार दि. १४/९/२०२५ रोजी सकाळी १० वाजता याच ठिकाणी पुढे चालू ठेवावी, असे फ्लॅट क्र. … यांनी सुचवले, फ्लॅट क्र. … यांनी अनुमोदन दिले. सर्वानुमते मान्य. उर्वरित विषय: ३ (अपूर्ण), ६, ७, ८, ९."

इथे आभार मानून "सभा संपली" असं लिहू नका. सभा संपलेली नाही, आणि ते दोन शब्द लिहिले की पुढच्या सगळ्याला नवी नोटीस हवी होती असं म्हणायला जागा मिळते. आभार भाग २ च्या शेवटी.

भाग २ ची सुरुवात: "दि. २४/८/२०२५ रोजी तहकूब झालेली सभा आज दि. १४/९/२०२५ रोजी सकाळी १० वाजता पुढे सुरू झाली. अध्यक्षस्थानी …, उपस्थित …. तहकुबीची सूचना सर्व सभासदांना दि. … रोजी दिल्याचे सचिवांनी सांगितले." आणि थेट विषय ३. मधेच "मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम केले" असं घालू नका. भाग १ कायम करण्याची जागा ही नाही, संपूर्ण इतिवृत्त पुढच्या सर्वसाधारण सभेत कायम होईल. लोकांना आठवण म्हणून काय झालं आणि काय राहिलं हे तोंडी सांगा, तेवढं पुरे.

सहीचं एक. १४ ला अध्यक्ष दुसरे कोणी असले तर भाग १ वर २४ च्या अध्यक्षांची सही आणि भाग २ वर १४ च्या. म्हणून माझा आग्रह असतो की भाग १ चा मसुदा दुसऱ्या बैठकीची वाट न बघता त्याच आठवड्यात तयार करून अध्यक्षांना दाखवून ठेवावा, तीन आठवड्यांनी गणपती, गौरी सगळं होऊन गेल्यावर टँकरच्या वादात नेमकं काय कबूल केलं होतं ते कोणालाच धड सांगता येत नाही. पूर्ण मसुदा कमिटीने ३ महिन्यांच्या आत पक्का करून १५ दिवसांत सगळ्या मेंबरांना पाठवायचा, मेंबरांना हरकती कळवायला मिळाल्यापासून १५ दिवस, आणि हरकती बघून कमिटी तो अंतिम करून इतिवृत्त पुस्तकात नोंदवते. ३ महिने कुठून मोजायचे असा प्रश्न पडला तर २४ ऑगस्टपासून मोजा, कमी पडणार नाहीत.

आणि १४ ला पण काम उरलं तर? परत तहकूब करता येईल, पण ३० दिवस मूळ तारखेपासूनच मोजायचे, प्रत्येक तहकुबीला नवे ३० मिळत नाहीत. म्हणजे तुमच्याकडे २१ सप्टेंबरचा एकच रविवार शिल्लक राहतो, त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या आहे आणि दुसऱ्या दिवशी घटस्थापना, लोक येणं कठीण. म्हणून १४ ला विषय ३ आधी घेऊन टँकरच्या चर्चेला सभेच्या परवानगीने वेळ ठरवून द्या, पाऊण तास म्हणा, आणि मग मतदानाला टाका. ७ आणि ८ पैकी एखादा तरीही राहिलाच तर तो ओढत न बसता पुढच्या विशेष सभेसाठी नव्या नोटिशीवर घ्या आणि भाग २ च्या शेवटी तसं लिहा: "विषय क्र. ७ वर निर्णय झाला नाही, तो स्वतंत्र नोटीस देऊन विशेष सर्वसाधारण सभेत घेण्याचे ठरले." मूळ नोटिशीत साडेदहाचं वाक्य आहे की नाही ते बघून इथे सांगा, नसेल तर पत्राचा मजकूर थोडा बदलावा लागेल, तो मी लिहून देतो.